प्रवास खर्चाच्या बिलासोबतची कव्हर नोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील ओतकाम कारखान्याच्या लेखा विभागात दौऱ्यांची बिले तपासताना कर्मचाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. आमची बहुतेक मंडळी पुणे, चाकण, कोल्हापूर, हुबळी या बाजूला ग्राहकांकडे जातात, म्हणून उदाहरणेही त्याच वाटेवरची आहेत. उदाहरणांतील रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या असून, भत्त्यांचे दर आपापल्या कंपनीच्या नियमांप्रमाणे धरावेत.

प्रवास खर्चाचा फॉर्म भरलेला असताना वेगळी कव्हर नोट कशासाठी?

फॉर्मचे रकाने ठरलेले असतात. त्यात तारीख, ठिकाण आणि रक्कम बसते, पण त्या दिवशी मुक्काम का करावा लागला, हॉटेलच्या बिलातील काही रक्कम का सोडून दिली किंवा एका ओळीला पावती का नाही, हे लिहायला त्यात जागा नसते. बिल तपासणारा माणूस आपल्यासोबत दौऱ्यावर नव्हता, त्यामुळे त्याला जे दिसत नाही ते तो विचारतो, आणि त्यालाच आपण ‘क्वेरी लागली’ असे म्हणतो.

लेखा विभागात बिल हाती आल्यावर प्रत्यक्षात तीन गोष्टी पाहिल्या जातात. मागितलेल्या प्रत्येक रकमेमागे कोणता कागद आहे, तो कागद दौऱ्याच्या कामाशी आणि तारखेशी जुळतो का, आणि सगळ्यांची बेरीज फॉर्मवरील एकूण रकमेशी व उचलीशी ताळा खाते का. कव्हर नोटने या तीन गोष्टींची उत्तरे त्याच क्रमाने दिलेली असावीत. यापेक्षा जास्त काही तिच्यात असण्याची गरज नाही, आणि एका पानाच्या पुढे ती जाऊ नये.

एखादी पूर्ण नोट नमुना म्हणून पाहायला मिळेल का?

खालील नमुना गुणवत्ता विभागातील एका अभियंत्याच्या दोन दिवसांच्या चाकण दौऱ्याचा आहे. सांगलीहून एसटीने स्वारगेट, तेथून कॅबने चाकण, एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत, असा साधा दौरा आहे. निघण्यापूर्वी त्याने कंपनीकडून 5,000 रुपये उचल घेतली होती.

प्रति, लेखा विभाग
विषय : दि. 16 व 17 जून 2026 रोजीच्या चाकण दौऱ्याच्या खर्चाची मागणी
संदर्भ : दौरा मंजुरी क्र. व तारीख, ग्राहक तक्रार क्र.

दौऱ्याचे कारण : चाकण येथील ग्राहकाच्या कारखान्यात नाकारल्या गेलेल्या पंप केसिंगची ग्राहकाच्या गुणवत्ता विभागासोबत संयुक्त तपासणी. दि. 16 रोजी दुपारी 2 पासून नगांची मोजमापे घेतली, दि. 17 रोजी सकाळी दोन नग कापून पाहिले व तपासणी अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

| क्र. | तारीख | तपशील | कागद क्र. | बिलाची रक्कम | मागणी |
|---|---|---|---|---|---|
| 1 | 16 जून | एसटी, सांगली ते स्वारगेट | 1 | 560 | 560 |
| 2 | 16 जून | कॅब, स्वारगेट ते चाकण | 2 | 940 | 940 |
| 3 | 16 जून | मुक्काम, एक रात्र | 3 | 2,646 | 2,310 |
| 4 | 17 जून | रिक्षा, हॉटेल ते कारखाना व परत | 4 | पावती नाही | 160 |
| 5 | 17 जून | कापलेले नग कुपवाडला कुरिअरने | 5 | 380 | 380 |
| 6 | 17 जून | कॅब, चाकण ते स्वारगेट | 6 | 880 | 880 |
| 7 | 17 जून | एसटी, स्वारगेट ते सांगली | 7 | 560 | 560 |
| 8 | 16 व 17 जून | दैनिक भत्ता, 500 × 2 | लागू नाही | लागू नाही | 1,000 |

एकूण मागणी : 6,790 रुपये. वजा उचल : 5,000 रुपये. देय : 1,790 रुपये.

खुलासा : (अ) कागद क्र. 3 मध्ये रात्रीच्या जेवणाचे 320 रुपये व त्यावरील कराचे 16 रुपये धरलेले आहेत. दैनिक भत्ता घेत असल्याने हे 336 रुपये मागणीतून वगळले आहेत. (आ) रिक्षाची पावती मिळत नाही, कागद क्र. 4 हे स्वप्रमाणपत्र आहे. (इ) हॉटेलचे पैसे स्वतःच्या खात्यातून यूपीआयने दिले. व्यवहारात मालकाचे नाव दिसते, बिलावर हॉटेलचे आहे. (ई) कुरिअरचा खर्च प्रवासाचा नसून तक्रार निवारणाच्या खात्यावर टाकावा.

खाली कर्मचाऱ्याची सही, नाव, कर्मचारी क्रमांक आणि विभागप्रमुखांची सही. नोट एवढीच.

खुलाशाचे मुद्दे इतके बारीक का लिहायचे? बिलात सगळे दिसतेच ना?

बिलात सगळे दिसते, म्हणूनच प्रश्न निघतो. हॉटेलच्या बिलावर 2,646 रुपये आहेत आणि मागणी 2,310 रुपयांची आहे. खोलीचे भाडे 2,200 रुपये आणि त्यावर 5 टक्के कर 110 रुपये, असे मिळून 2,310 होतात, हे बिल नीट वाचले तर समजते. पण तपासणाऱ्याच्या टेबलावर महिनाअखेरीस दौऱ्यांच्या बिलांचा गठ्ठा असतो. पहिल्या नजरेत त्याला दोन आकडे जुळत नाहीत एवढेच दिसते, आणि तो पेन्सिलने गोल करून बिल बाजूला ठेवतो. खुलाशातील एका वाक्याने ते गोल टळते.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते. जेवण खोलीच्या बिलात मिसळलेले असताना पूर्ण 2,646 रुपये मागितले आणि त्याच दिवसाचा दैनिक भत्ताही घेतला, तर जेवणाचे पैसे दोनदा मागितल्यासारखे होते. बहुतेक वेळा ते अनवधानाने झालेले असते, तरी एकदा असे सापडले की त्या कर्मचाऱ्याची पुढची काही बिले जास्त बारकाईने पाहिली जातात. म्हणून हॉटेल सोडतानाच जेवणाचे बिल वेगळे करून मागावे. ते देत नसतील तर वर दाखवल्याप्रमाणे स्वतः वजा करून दाखवावे. वजा करताना त्या पदार्थांवरील करही वजा करायचा असतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

‘दौऱ्याचे कारण’ या ठिकाणी किती लिहावे? ‘कामानिमित्त पुणे’ पुरेसे नाही का?

नाही. ‘कामानिमित्त पुणे’ किंवा ‘ग्राहक भेट’ यावरून खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा हे कळत नाही, आणि दोन दिवस का लागले हेही कळत नाही. कारण लिहिताना कोणाकडे, कोणत्या कामासाठी, कोणत्या संदर्भ क्रमांकावरून आणि त्यातून काय झाले, एवढे यावे. संदर्भ क्रमांक हा तक्रारीचा, खरेदी आदेशाचा, निविदेचा किंवा दौरा मंजुरीच्या ई-मेलचा असू शकतो.

मुक्काम असेल तेथे कारणाने मुक्कामही समजावून सांगितला पाहिजे. सांगलीहून पहाटेची गाडी धरून पुण्याचे काम उरकून रात्री परत येता येते, हे लेखा विभागातील प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण आम्हीही त्याच एसटीने जातो. त्यामुळे ‘दि. 16 रोजी दुपारी 2 पासून’ आणि ‘दि. 17 रोजी सकाळी’ हे शब्द वरच्या नमुन्यात उगाच आलेले नाहीत. काम दोन सलग दिवसांत विभागलेले होते, हे त्यांतून आपोआप सिद्ध होते आणि हॉटेलचे बिल प्रश्नाशिवाय पुढे सरकते. ठरलेले काम पुढे ढकलले गेल्यामुळे मुक्काम वाढला असेल, तर ग्राहकाचा त्या आशयाचा ई-मेल किंवा संदेश छापून जोडावा.

पावसाळ्यात आणखी एक कारण येते. 2019 आणि 2021 च्या पुरांत जसे झाले, तसे कृष्णेचे पाणी चढले की सांगलीत शिरणारे रस्ते बंद होतात आणि माणूस पुण्यातच किंवा कऱ्हाडातच अडकतो. अशा वेळी ‘रस्ता बंद असल्याने मुक्काम’ एवढे लिहून कोणता रस्ता, कोणत्या तारखेला आणि विभागप्रमुखांना फोनवर कधी कळवले, हे जोडावे. विभागप्रमुखांनी नोटेवर त्याच ओळीसमोर लघुस्वाक्षरी केली तर दुसरा कागद लागत नाही.

पावत्या कशा लावाव्यात? स्टेपल करून दिल्या तर चालत नाहीत का?

चालतात, पण एकावर एक ठेवून एकाच पिनेत अडकवलेला पावत्यांचा गठ्ठा तपासणाऱ्याला सोडवावा लागतो आणि त्यात एखादी एसटीची चिटोरी हरवते. कोऱ्या ए-चार कागदावर पावत्या तारखेच्या क्रमाने, एकमेकींना झाकणार नाहीत अशा लावाव्यात आणि प्रत्येकीच्या शेजारी कागदावर पेनाने क्रमांक लिहावा. तोच क्रमांक नोटेच्या ‘कागद क्र.’ या रकान्यात येतो. रक्कम, तारीख आणि विक्रेत्याचे नाव दिसेल अशी पावती चिकटवावी.

येथे एक बारीकशी पण नेहमी नडणारी गोष्ट आहे. एसटीच्या वाहकाकडील यंत्रातून निघणारे तिकीट, पेट्रोल पंपाची पावती आणि बऱ्याच उपाहारगृहांची बिले ही उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. त्यावरची अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात, आणि छपाईच्या बाजूवर सेलोटेप लावली तर त्यातल्या डिंकामुळे आणखी लवकर उडतात. लॅमिनेशन केले तर अख्खे तिकीट काळे पडते. लेखापरीक्षक हे कागद पुढच्या वर्षी मागतात, तेव्हा आमच्या हाती कोरी पट्टी उरते. म्हणून अशा तिकिटाची झेरॉक्स काढून ती जोडावी आणि मूळ तिकीट तिच्या मागे फक्त वरच्या कडेला, छपाई नसलेल्या जागी पिन मारून ठेवावे. मोबाइलमधील फोटो छापून दिला तरी चालतो, मात्र त्यात तिकिटाचा क्रमांक वाचता आला पाहिजे.

यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तरी बिल का मागतात?

स्क्रीनशॉटवरून पैसे गेले हे कळते, पण कशाचे गेले हे कळत नाही. बिलावरून कशाचे होते हे कळते, पण ते आपण दिले की नाही हे कळत नाही. मोठ्या रकमेच्या ओळीला, म्हणजे आमच्याकडे हॉटेल आणि भाड्याची गाडी, दोन्ही लागतात आणि दोन्ही एकाच कागद क्रमांकाखाली एकत्र लावावेत.

छोट्या लॉजमध्ये आणि खासगी गाड्यांच्या बाबतीत पैसे मालकाच्या वैयक्तिक खात्यात जातात. बिलावर लॉजचे नाव आणि यूपीआयमध्ये वेगळ्याच व्यक्तीचे नाव दिसले की प्रश्न निघतो. नोटेत एक ओळ लिहिली आणि बिलावर त्यांच्याकडून ‘पैसे मिळाले’ असे लिहून शिक्का घेतला की विषय संपतो. हे हॉटेलच्या काउंटरवर दोन मिनिटांचे काम असते. सांगलीला परतल्यावर फोन करून ते मिळवणे अवघड जाते.

रिक्षाची, टमटमची पावती मिळतच नाही. मग काय करावे?

पावती मिळत नसलेल्या छोट्या खर्चासाठी स्वप्रमाणपत्र चालते. त्यात तारीख, कुठून कुठे, अंदाजे अंतर, दिलेली रक्कम आणि ‘या खर्चाची पावती उपलब्ध नाही, रक्कम प्रत्यक्ष दिलेली आहे’ हे वाक्य असावे, खाली सही असावी. त्याला इतर पावत्यांसारखाच क्रमांक द्यावा. प्रत्येक फेरीची वेगळी ओळ लिहावी. ‘स्थानिक प्रवास 400’ अशी ठोक रक्कम लिहिली की तपासणारा फेऱ्या विचारणारच.

पावती मिळणे शक्य असलेल्या खर्चासाठी मात्र स्वप्रमाणपत्र वापरू नये. हॉटेल, अ‍ॅपवरची कॅब आणि एसटी यांच्यासाठी ते आमच्याकडे स्वीकारले जात नाही. कॅबचे बिल अ‍ॅपमध्ये जुन्या फेऱ्यांच्या यादीतून पुन्हा काढता येते. तेथून काढताना फेरी संपल्यानंतरचे अंतिम बिल घ्यावे. बुकिंग करताना दिसलेल्या अंदाजी भाड्याचा स्क्रीनशॉट अनेकदा बिल म्हणून येतो, आणि त्यातली रक्कम प्रत्यक्ष दिलेल्या रकमेशी जुळत नाही.

एसटीचे तिकीट हरवले तर?

आगाऊ आरक्षण केले असेल तर ई-मेल किंवा संदेशातून ते पुन्हा छापता येते. गाडीत काढलेले तिकीट हरवले असेल, तर तसे स्पष्ट लिहून विभागप्रमुखांची सही घ्यावी आणि त्या मार्गाचे साधे भाडे मागावे. दुसऱ्या कोणाचे तिकीट लावू नये. तिकिटावर तारीख आणि वेळ असते, आणि ती आपल्या दौऱ्याच्या वेळेशी जुळत नाही हे लगेच दिसते.

स्वतःच्या गाडीने गेलो तर डिझेलची बिले लावायची का?

कंपनी किलोमीटरप्रमाणे दर देत असेल तर इंधनाची बिले लावू नयेत, कारण त्या दरात इंधन धरलेले असते. दोन्ही लावल्यास एकच खर्च दोनदा मागितल्यासारखा होतो. निघतानाचे आणि परतल्यावरचे मीटरचे आकडे नोटेत लिहावेत, आणि शक्य असल्यास मीटरचा फोटो जोडावा. कुपवाडहून चाकण आणि परत हे अंतर तपासणाऱ्याला अंदाजे माहीत असते. मीटरच्या फरकात त्यापेक्षा लक्षणीय वाढ असेल, तर चाकणमध्ये कुठे कुठे फिरलो हे एका ओळीत सांगावे.

टोल वेगळा मिळत असेल तर फास्टॅगचा उतारा जोडावा. सांगलीहून पेठ नाक्यावर महामार्गाला लागून पुण्याकडे जाताना तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे टोलनाके लागतात. उताऱ्यात हेच तीन नाके जाताना आणि येताना दिसले पाहिजेत, आणि वेळांवरून प्रवासाचा क्रम लागला पाहिजे. किणीचा नाका कोल्हापूरच्या बाजूला आहे. पुण्याच्या दौऱ्यात तो दिसला तर तो वेगळ्या प्रवासाचा असणार, हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, तेव्हा तेवढी ओळ उताऱ्यावर खोडून द्यावी.

चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आल्यास जाण्या-येण्याचा मिळून टोल एकेरीच्या दीडपट आकारला जातो, त्यामुळे येतानाची रक्कम जातानाच्या निम्मी दिसते. हा फरक चूक नाही. उलट, एका दिवसात परत आलेल्या दौऱ्यात दोन्ही वेळा पूर्ण टोल मागितला असेल तर आम्ही फास्टॅगचा उतारा पुन्हा पाहतो.

भाड्याची गाडी रोखीने केली. काय काळजी घ्यावी?

गाडीमालकाच्या हाताने लिहिलेल्या पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख, सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर, दर, एकूण रक्कम आणि सही असावी. रोख रक्कम 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही घ्यावी. पोस्टात ते मिळते, आणि नेहमी दौरे करणाऱ्यांनी दोन-चार जवळ ठेवलेले बरे.

एका दिवशी एकाच व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास, सर्वसाधारण नियमानुसार, तो खर्च कंपनीला आयकरासाठी वजावट म्हणून मिळत नाही. एकच बिल दोन पावत्यांत फोडून त्याच दिवशी रोख दिल्यानेही यात फरक पडत नाही, कारण मर्यादा दिवसाची आणि व्यक्तीची आहे. एवढी रक्कम असेल तर ती बँकेमार्फतच द्यावी आणि व्यवहार क्रमांक नोटेत लिहावा.

हॉटेलचे बिल कंपनीच्या नावावर हवे, असा आग्रह का?

बिलावर कंपनीचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असेल आणि पाहुणा म्हणून कर्मचाऱ्याचे नाव असेल, तर तो खर्च कंपनीच्या कामाचा आहे हे बिलच सांगते. कराच्या परताव्याचा प्रश्न मात्र बहुतेक दौऱ्यांत येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे आणि त्याचे क्रेडिट मिळत नाही. त्यापुढील खोल्या आमच्या दौऱ्यांत क्वचितच असतात. शिवाय हुबळी किंवा बेळगावच्या हॉटेलचा जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होतो आणि तेथे कर्नाटकाचा राज्य कर लागतो. आमची नोंदणी महाराष्ट्रातली, म्हणजे 27 ने सुरू होणारी असल्याने तो कर आम्हाला वळता करून घेता येत नाहीच. म्हणून नोटेत कर वेगळा काढून दाखवण्याची गरज नाही. खोलीचे भाडे करासह एकाच रकमेत लिहावे.

दोघे एकाच खोलीत राहिलो. बिल कोणी लावायचे?

ज्याने पैसे दिले त्याने पूर्ण बिल लावावे आणि खुलाशात दुसऱ्याचे नाव व कर्मचारी क्रमांक लिहावा. दुसऱ्याने आपल्या नोटेत ‘मुक्कामाचा खर्च अमुक यांच्या बिलात समाविष्ट’ एवढे लिहावे. दुसऱ्याच्या नोटेत रात्रीचा उल्लेखच नसेल, तर तो कुठे राहिला हा प्रश्न हमखास निघतो. कॅबलाही हाच नियम.

हॉटेलचे भाडे मर्यादेपेक्षा जास्त झाले. नोटेत ते कसे मांडावे?

मर्यादेपेक्षा जास्त रक्कम मंजूर करण्याचा अधिकार लेखा विभागाला नसतो, तो विभागप्रमुखांना किंवा त्यांच्या वरच्यांना असतो. म्हणून बिल आमच्याकडे येण्यापूर्वी ती मंजुरी कागदावर असावी. नोटेत मर्यादा, प्रत्यक्ष भाडे, फरक आणि कारण लिहून त्याच ओळीसमोर मंजुरीची सही घ्यावी. मंजुरी नसेल तर मर्यादेइतकीच रक्कम मागावी आणि फरक स्वतः सोसत असल्याचे लिहावे. पूर्ण रक्कम मागून ‘बघू, किती पास होते’ असा पवित्रा घेतला की बिल परत येते आणि मंजूर होऊ शकणारी रक्कमही लटकते.

घेतलेली उचल खर्चापेक्षा जास्त असेल तर?

हिशेब तसाच मांडावा. फक्त शेवटी ‘देय’ऐवजी ‘कंपनीला परत’ असे लिहून पैसे भरल्याची पावती किंवा व्यवहार क्रमांक जोडावा. शिल्लक उचल पुढच्या दौऱ्यासाठी ठेवून घेतली आहे, असे नोटेत लिहू नये. मागच्या दौऱ्याची उचल बाकी असताना नवी उचल देणे बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध असते, आणि मग नव्या बिलावर जुन्याची क्वेरी लागते.

रात्रीच्या प्रवासात तारखेचा घोळ होतो. कोणती तारीख लिहावी?

कागदावर छापलेली तारीखच नोटेत लिहावी. रात्री 11 ला सुरू झालेल्या कॅबचे बिल मध्यरात्रीनंतरच्या तारखेने निघू शकते, आणि रेल्वेच्या तिकिटावर गाडी सुटण्याची तारीख असते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री मिरजेहून किंवा सांगलीहून बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो. तेव्हा तिकिटाची ओळ पहिल्या तारखेची आणि मुंबईतील टॅक्सीची ओळ दुसऱ्या तारखेची असते, आणि दैनिक भत्ता कोणत्या तासापासून मोजायचा हे कंपनीच्या नियमावर ठरते. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ नोटेच्या वरच्या भागात लिहिली असेल तर हा हिशेब आम्हीच करतो.

मार्चअखेरीस दौरा झाला तर काही वेगळे करावे लागते का?

होय. दौरा 30 मार्चला सुरू होऊन 2 एप्रिलला संपला, तर 31 मार्चपर्यंतच्या आणि त्यानंतरच्या ओळींच्या दोन वेगळ्या उपबेरजा द्याव्यात, म्हणजे खर्च त्या त्या आर्थिक वर्षात टाकता येतो. नोट एकच पुरते.

क्वेरी आलीच, तर नवीन नोट द्यावी का?

नाही. नवीन नोट दिली की आमच्याकडे एकाच दौऱ्याचे दोन कागद होतात आणि कोणता खरा हे पुन्हा ठरवावे लागते. मूळ नोटेवरच चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी नवा आकडा लिहावा आणि लघुस्वाक्षरी व तारीख टाकावी. करेक्शन फ्लुइड वापरू नये. एखादी ओळ बदलली की त्याखालील बेरीज, देय रक्कम आणि फॉर्मवरील एकूण रक्कम या तिन्ही ठिकाणी तोच बदल करावा लागतो. वरच्या नमुन्यात समजा कुरिअर 380 ऐवजी 350 निघाले, तर एकूण 6,760 आणि देय 1,760 होईल. देय रक्कम बदलल्यावर विभागप्रमुखांची सही त्या आकड्यासमोर पुन्हा घ्यावी, कारण त्यांनी मंजूर केलेली रक्कम वेगळी होती.